गोळी एकाने झाडली, मग फाशी दोघांना का?

३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये गांधीजी प्रार्थनेला निघाले होते. नथुराम गोडसे पुढे आला, वाकला आणि त्याने तीन गोळ्या झाडल्या. पिस्तूल एक, हात एक. तिथल्या तिथे तो पकडला गेला आणि गोळ्या आपणच झाडल्या हे त्याने कधी नाकारलंही नाही.

पण १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी दोघांना झाली. दुसरा होता नारायण आपटे, ज्याने एकही गोळी झाडली नव्हती. आणखी तिघांना जन्मठेप झाली. त्यातला गोपाळ गोडसे त्या दिवशी दिल्लीत नव्हता. मदनलाल पाहवा तर दहा दिवस आधीपासून पोलिसांच्या कोठडीत होता. गजाआड बसलेला माणूस बाहेर झालेल्या खुनात सामील कसा?

मित्रांनो, आपण राज्यशास्त्रात राज्यघटना शिकतो, मूलभूत अधिकार शिकतो, पण आपल्या वयाच्या पोरांना सगळ्यात आधी गाठणारा कायदा कुठलाच पेपर शिकवत नाही. तो कायदा म्हणजे कट आणि अपप्रेरणा. अपप्रेरणा हा सरकारी शब्द. साध्या भाषेत, गुन्ह्याला चिथावणी देणं किंवा जाणूनबुजून हातभार लावणं. याबद्दल आपल्यात दोन गैरसमज फिरतात. पहिला, ‘मी काहीच केलं नाही, नुसता हो म्हणालो.’ दुसरा, ‘ते सगळे एकाच गटातले, म्हणजे सगळेच सामील.’ माझं म्हणणं असं आहे की दोन्ही चूक आहेत, आणि ते का चूक आहेत हे गांधी खून खटल्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. तेव्हा भारतीय दंड संहिता होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. नंबर बदलले, गाभा तोच राहिला. कटाचं जुनं कलम १२०-ब, आता कलम ६१. अपप्रेरणेची व्याख्या जुन्या कलम १०७ मध्ये, आता ४५ मध्ये.

अपप्रेरणा तीन प्रकारे होते. एक, दुसऱ्याला गुन्हा करायला उठवणं. दोन, गुन्ह्यासाठी कटात सामील होणं आणि त्या कटापोटी काहीतरी प्रत्यक्ष घडणं. तीन, गुन्हा सोपा व्हावा म्हणून मुद्दाम मदत करणं. गुन्हा त्या मदतीमुळे घडला तर मदत करणाऱ्याला करणाऱ्याइतकीच शिक्षा होऊ शकते.

१९१३ साली इंग्रज सरकारने यापुढे एक पाऊल टाकलं. त्यांनी कट हा स्वतंत्र गुन्हा केला. दोन किंवा जास्त माणसांनी गुन्हा करायचं एकमताने ठरवलं की तिथेच गुन्हा पूर्ण. पुढे कोणी काही केलं नाही तरी. ठरलेली गोष्ट बेकायदेशीर असली पण स्वतः गुन्हा नसली, तर मात्र त्या दिशेने काहीतरी कृती झाल्याशिवाय कट होत नाही. पण गुन्हाच करायचं ठरलं असेल तर ठरणं पुरेसं आहे.

हे पुस्तकी वाटतं, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार मित्र चहाच्या टपरीवर बसलेत. पहिला म्हणतो, उद्या रात्री उभ्या असलेल्या रिकाम्या बसला काडी लावायची. दुसरा म्हणतो, बरोबर आहे, कॅन मी आणतो. तिसरा म्हणतो, गाडी माझी. चौथा मोबाइल बघत चहा पितो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी पाऊस येतो, कोणी जात नाही, बस शाबूत राहते.

पहिल्या तिघांचा गुन्हा झालाय, पुरावा असेल तर. आग लावून मालमत्तेचं नुकसान करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एवढ्या गंभीर गुन्ह्याच्या कटाला कायदा अपप्रेरणेसारखीच शिक्षा देतो, आणि गुन्हा प्रत्यक्षात घडला नसेल तर तुरुंगवासाची मर्यादा मूळ शिक्षेच्या एक चतुर्थांशापर्यंत खाली येते. सात वर्षांचा चौथा भाग म्हणजे एक वर्ष नऊ महिने, शिवाय दंड. न जळलेल्या बससाठी! पाऊस पडला नसता आणि बस जळली असती, तर काडी एकाने लावली तरी तिघांवर सात वर्षांची टांगती तलवार. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाने ‘मला नको रे’ म्हटलं, तर त्यानंतर बाकीच्यांनी जे केलं त्यातून सुटण्यासाठी तो वाद घालू शकतो. पण आदल्या रात्रीचा होकार त्याने पुसला जात नाही.

आणि चौथा? तो काही बोलला नाही, त्याने काही दिलं नाही. नुसतं ऐकणं म्हणजे संमती नव्हे, आणि नुसतं माहीत असणं म्हणजे मदत नव्हे. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणं कायद्याने बंधनकारक आहे, तो वेगळा विषय. पण कटाचा आरोपी करायला होकार लागतो, तोंडाने नाही तर वागण्यातून तरी.

पेट्रोल पंपावरच्या माणसाने कॅनमध्ये पेट्रोल दिलं, त्याचं काय? त्याला बसचं माहीत नव्हतं. मदत झाली, पण जाणूनबुजून नाही. तो सुटला.

आता हेच माप घेऊन पुन्हा दिल्लीला जाऊ.

खटला लाल किल्ल्यात चालला, विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे. सरकार पक्षाचं म्हणणं असं की खून ३० तारखेला झाला असला तरी कट त्याआधीपासून होता. २० जानेवारीला याच बिर्ला हाउसमध्ये पहिला प्रयत्न झाला होता. मदनलालने भिंतीजवळ स्फोट करायचा, गोंधळ उडाला की बाकीच्यांनी हल्ला करायचा, असा बेत. स्फोट झाला, पण ज्यांनी पुढचं करायचं ते मागे फिरले आणि पळाले. मदनलाल जागेवर सापडला.

बचाव साधा होता. मदनलाल म्हणाला, मला फक्त निषेध करायचा होता. आणि नथुरामचं म्हणणं, ३० तारखेचं कृत्य माझं एकट्याचं, कट वगैरे काही नव्हता. फाशीची शिक्षा झाल्यावर त्याने पंजाब उच्च न्यायालयात अपील केलं, शिमल्याला स्वतः उभं राहून युक्तिवाद केला. पण ते अपील खुनाच्या शिक्षेवर नव्हतं. फाशीबद्दल त्याची तक्रार नव्हती. तो भांडत होता फक्त कटाच्या निष्कर्षाशी.

थांबून विचार करा, का? स्वतःचा जीव त्याने वाचवायचा प्रयत्न केला नाही, मग एका शब्दासाठी एवढी धडपड कशाला? माझ्या मते उत्तर कायद्यातच आहे. कट नसेल तर आपटे सुटतो, करकरे सुटतो, सख्खा भाऊ गोपाळ सुटतो. मदनलालवर फक्त २० तारखेचा स्फोट राहतो. ‘कट’ हा एक शब्द चार माणसांना त्या तीन गोळ्यांशी बांधून ठेवत होता.

मग कट सिद्ध कसा केला? कट करणारे कागदावर सही करत नाहीत. त्यामुळे न्यायालय होकार थेट शोधत नाही, त्याच्या खुणा शोधतं. या खटल्यातल्या खुणा बघा. २० तारखेच्या आधी नथुराम आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला आले, खोट्या नावांनी. मरीना हॉटेलात एकत्र उतरले, तिथेही ‘देशपांडे’ अशी खोटी नावं. करकरे दुसऱ्या हॉटेलात, वेगळ्या खोट्या नावाने. स्फोटानंतर घाईत हॉटेल सोडताना धुवायला दिलेले कपडे मागे राहिले आणि त्यांवर नथुरामच्या आद्याक्षरांची खूण होती. आणि त्याआधी, १३ आणि १४ जानेवारीला, नथुरामने आपल्या दोन विमा पॉलिसींवर वारस म्हणून नावं लावली. एकीवर आपटेच्या बायकोचं, दुसरीवर गोपाळच्या बायकोचं.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नाही. खोट्या नावाने हॉटेलात उतरणं म्हणजे खून नव्हे. विम्याला वारस लावणं तर शहाणपणाचं लक्षण. पण एकत्र ठेवल्यावर चित्र तयार होतं: या माणसांना आपण काय करायला चाललोय हे माहीत होतं, त्यांनी ते मिळून ठरवलं होतं, आणि मरायची तयारीही त्यात होती. परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात तो हा. एक धागा तुटतो, दोर तुटत नाही.

म्हणून कोठडीतला मदनलालही अडकला. न्यायालयाने २० तारीख आणि ३० तारीख या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या नाहीत. बेत तोच, लक्ष्य तेच, माणसं तीच. फक्त पद्धत बदलली. जो बेत त्याने सुरू केला तो त्याच्या साथीदारांनी पुरा केला. गजांमुळे त्याचे हात बांधले गेले होते, आधीचा होकार नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की कटाचा कायदा म्हणजे जाळं, सापडेल तो अडकला. पण हाच खटला दुसरी बाजूही दाखवतो, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे.

शंकर किस्तय्या हा दिगंबर बडगे या पुण्याच्या शस्त्रविक्रेत्याचा नोकर. मालकाबरोबर तो दिल्लीला गेला, २० तारखेला बिर्ला हाउसवरही होता. हत्यारं त्याने उचलली, लपवली. हातांचा हिशेब केला तर त्याने गोपाळपेक्षा कमी काम केलं असं म्हणता येणार नाही. खालच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, पण सौम्य वागणुकीची शिफारसही केली. जून १९४९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला पूर्ण सोडलं. कारण तो मालक सांगेल ते करत होता. बेत काय आहे हे त्याला माहीत होतं आणि तो त्यात सामील झाला होता, असं सिद्ध होत नव्हतं. आपल्या उदाहरणातला पेट्रोल पंपावरचा माणूस तो हाच.

दुसरं नाव ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे. ग्वाल्हेरात पिढ्यान् पिढ्या मराठी माणसं राहतात हे आपल्याला माहीत आहेच. खुनाच्या दोन दिवस आधी नथुराम आणि आपटे ग्वाल्हेरला गेले होते आणि ज्या बेरेटा पिस्तुलाने खून झाला ते तिथून आलं. परचुऱ्यांनी ते मिळवून दिलं, असा आरोप. त्यांचा कबुलीजबाब होता, तो त्यांनी नंतर मागे घेतला. खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाने कबुलीजबाबावर विसंबायला नकार दिला, आणि तो बाजूला ठेवल्यावर मागे उरलं त्यावर शिक्षा टिकत नव्हती. ते सुटले.

तिसरं नाव वि. दा. सावरकर. त्यांच्याविरुद्ध मुख्य आधार होता तो माफीचा साक्षीदार झालेल्या बडगेचा जबाब. विशेष न्यायालयानेच त्यांना निर्दोष सोडलं. सावरकरांबद्दल आपापली मतं ठेवा, इथे मुद्दा कायद्याचा आहे. माफीचा साक्षीदार स्वतः गुन्ह्यात असतो आणि स्वतःची मान सोडवायला बोलत असतो. त्यामुळे तो ज्याचं नाव घेतो, त्या माणसाला गुन्ह्याशी जोडणारा दुसरा स्वतंत्र पुरावा न्यायालय मागतं. बाकीच्यांच्या बाबतीत हॉटेलची रजिस्टरं, कपडे, ओळख पटवणारे साक्षीदार होते. सावरकरांच्या बाबतीत बडगेच्या शब्दाला तसा आधार न्यायाधीशांना सापडला नाही.

आता सगळे एका रांगेत उभे करा. नुसती संगत पुरत नाही. नुसता हातभार पुरत नाही. दुसऱ्याने नाव घेतलं म्हणूनही पुरत नाही. प्रत्येक माणसासमोर थांबून दोन प्रश्न विचारावे लागतात: याला काय माहीत होतं? आणि हा कशाला हो म्हणाला? आपटेच्या बाबतीत दोन्हीची उत्तरं पुराव्याने मिळाली. शंकरच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

हे दोन प्रश्न न विचारता काय होतं, तेही त्याच आठवड्यात दिसलं. मारेकरी कोण हे कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं, दुकानं जाळली गेली, माणसं मारली गेली. त्या घरांतल्या लोकांना काय माहीत होतं, ते कशाला हो म्हणाले होते, हे कोणी विचारलं नाही. आडनाव पुरलं. जमावाने एका रात्रीत कट ‘सिद्ध’ केला, आणि न्यायालयाला तेच काम करायला सव्वा वर्षाच्या वर वेळ लागला. तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. शंकर आणि परचुरे त्या वेळामुळे सुटले.

कटाचा कायदा असू नये असं काही जण म्हणतात. त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे: नुसत्या बोलण्याला, विचाराला शिक्षा नको. मला तो पटत नाही. एकट्याचा विचार मनातच विरून जाऊ शकतो. पण चौघांनी मिळून ठरवलं की कामं वाटली जातात, एकाची भीड दुसरा मोडतो आणि मागे फिरायची लाज वाटू लागते. धोका खरोखर वाढतो. २० जानेवारीच्या स्फोटानंतर मदनलाल हातात होता. उरलेल्यांना वेळेत गाठलं असतं तर ३० तारीख उजाडली नसती, आणि पोलिसांच्या या ढिलाईवर न्यायाधीश आत्माचरण यांनीही बोट ठेवलं. गुन्हा होईपर्यंत हात बांधून बसणारा कायदा कोणाच्याच कामाचा नाही.

पण हा कायदा धारदार आहे, म्हणून तो ज्याच्या हातात आहे त्याच्यावर नजरही हवी. कटाचं कलम लावायला सोपं असतं. दहा जणांची यादी करायची, सगळ्यांच्या नावापुढे एकच वाक्य लिहायचं. त्या यादीत आपला कोणी आला, तर ‘आमचा पोरगा चांगला आहे हो’ म्हणून उपयोग नाही. विचारायचं ते हे: याने नेमकं कधी, कशाला होकार दिला असं तुमचं म्हणणं आहे, आणि तो कशावरून? आणि यादीत आपल्याला न आवडणारा कोणी आला, तरी प्रश्न तेच. माणूस बघून बदलणारे प्रश्न न्यायालयाचे नसतात, ते जमावाचे असतात.

शेवटी ज्याची आपल्याला रोज गरज आहे ते, म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. कोणीतरी तुम्हाला ग्रुपमध्ये घेतलं, कोणीतरी रात्री काहीतरी भडक लिहिलं, तुम्ही वाचलं. एवढ्याने तुम्ही कटात येत नाही, तुम्ही टपरीवरचे चौथे आहात. पण कोणी लिहिलं ‘उद्या अमुक ठिकाणी अमुक करायचं’, आणि तुम्ही लिहिलं ‘डन, गाडी माझी’, तर तुम्ही तिसरे झालात. गंमत म्हणून लिहिलं होतं हे नंतर सिद्ध करत बसावं लागेल. एक गोष्ट आणखी. कट आहे असं मानायला वाजवी कारण दिसलं, की कट चालू असताना एका साथीदाराने त्या कामाबद्दल जे लिहिलं किंवा बोललं, ते बाकीच्यांविरुद्धही पुरावा म्हणून येऊ शकतं. म्हणजे तुमच्या ‘डन’चा अर्थ दुसऱ्याच्या मेसेजवरून लावला जाईल. कट संपल्यानंतर किंवा अटकेनंतर कोणी काय म्हणालं, ते मात्र या नियमात बसत नाही.

१९४८ साली न्यायालयाला हॉटेलची रजिस्टरं आणि धोब्याच्या खुणा जमवून होकार शोधावा लागला. आपण तो तारीख-वेळेसकट स्वतःच्या हाताने टाइप करून ठेवतो. तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर असं काही आलं, तर अंगठा उठवण्याआधी वरचे दोन प्रश्न स्वतःलाच विचारा. हे नक्की काय आहे ते मला माहीत आहे का? आणि मी कशाला हो म्हणतोय?